बेडरूमच्या बोर्डावरचा पंख्याचा स्विच गरम लागतोय, ठिणगीही दिसते. स्क्रू ढिला की लोड जास्त?

उंबरठा
मंडळी, जाणकारांचं मत हवंय.

बेडरूममध्ये मॉड्युलर बोर्ड आहे. डावीकडून पंख्याचा स्विच, रेग्युलेटर, ट्यूबचा स्विच, नाइट लॅम्प आणि शेवटी ६ अँपिअरचा सॉकेट व त्याचा स्विच. गेल्या आठवड्यात रात्री पंखा लावताना स्विचच्या फटीतून निळसर ठिणगी दिसली आणि चर्र असा बारीक आवाज आला. आधी वाटलं भास झाला. मग दोन दिवसांनी सकाळी सहज हात लागला तर पंख्याचा स्विच चक्क गरम. चटका बसेल इतका नाही, पण चहाचा कप धरल्यासारखा. शेजारचे स्विच गारच.

एमसीबी एकदाही पडलेला नाही. घरात दोन तट पडलेत. बाबांच्या मते बोर्डावर लोड जास्त झालाय, कारण सॉकेटवर इस्त्री, लॅपटॉप, मोबाइल सगळंच चालतं. माझ्या मते स्विच खराब झालाय. वायरमनला बोलावणारच आहे, पण तो "स्विच बदलतो" म्हणून दोन मिनिटांत मोकळा होईल, म्हणून आधी समजून घ्यायचंय. ढिला स्क्रू आणि ओव्हरलोड यातला फरक बाहेरून ओळखता येतो का?

विक्रांत७७
ओव्हरलोडच. एका बोर्डावर इस्त्री + लॅपटॉप + पंखा + ट्यूब, अजून काय हवं? एमसीबी मोठा टाका आणि सॉकेटसाठी १६ अँपिअरचा स्विच बसवा. विषय संपला.

टिवल्याबावल्या
एमसीबी मोठा टाका म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटर फोडून टाका. विषय खरंच संपेल, घरासकट.

गोधडी
आमच्याकडेही पंख्याच्या बोर्डातून आवाज येतो! रेग्युलेटर २ आणि ३ वर असला की घूंऽऽ असा. हे पण ढिल्या स्क्रूमुळे असतं का?

लूपलाइन
@गोधडी तुमचं प्रकरण वेगळं दिसतंय. इथे स्विच गरम होतोय.

@उंबरठा सगळ्याच स्विचमध्ये ठिणगी पडते हो. पंखा बंद करताना तर पडतेच, मोटरची वाइंडिंग आहे ती. फार मनावर घेऊ नका. गरम होतोय ते मात्र बघायला हवं.

पक्कड
उंबरठा, पॅनेल आणि घरगुती वायरिंग या दोन्हीत माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुमच्या वर्णनातली एकच गोष्ट मला खटकते आणि बाकी कोणी तिच्याकडे पाहिलेलं नाही. पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. म्हणजे त्याच्या स्विचमधून जेमतेम पाव ते एक तृतीयांश अँपिअर जातो. एवढ्याशा करंटवर स्विच चहाच्या कपाइतका गरम होणं जवळपास अशक्य. स्विच कितीही भिकार असला तरी. तेव्हा तो पंख्याच्या करंटमुळे तापत नसणार.

उत्तर द्यायच्या आधी तुम्हाला थोडं काम देतो. बोर्ड उघडायचा नाही, स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा नाही. फक्त हाताची पाठ आणि घड्याळ.

पहिल्या दिवशी पंखा आणि ट्यूब तासभर चालू ठेवा, सॉकेट पूर्ण रिकामा. स्विच गरम होतो का बघा. दुसऱ्या दिवशी उलट: पंखा बंद ठेवा आणि नेहमीसारखी इस्त्री करा. दहा मिनिटांनी पंख्याच्या त्याच बंद स्विचला हात लावा. त्याच वेळी इस्त्रीचा प्लग आणि सॉकेट किती गरम आहे, आणि डीबीमधला त्या खोलीचा एमसीबी शेजारच्यांपेक्षा गरम आहे का, तेही बघा. आणि एक, पंख्याचा स्विच दाबताना ट्यूब लुकलुकते का?

यातलं काही करताना जळकट किंवा मासळीसारखा वास आला, किंवा स्विचवर पिवळट डाग दिसला, तर प्रयोग तिथेच थांबवून एमसीबी खाली करा. तोवर इस्त्री दुसऱ्या खोलीत.

विक्रांत७७
@पक्कड काका, बंद स्विच कसा गरम होईल? त्यातून करंटच जात नाही ना.

पक्कड
@विक्रांत७७ त्यांना बघू तर द्या.

शेवंती
मी दुसरी बाजू सांगते, कारण आमच्याकडे खरंच ओव्हरलोड होता आणि तो अगदी वेगळा दिसतो.

आमच्या मागच्या घरात हिवाळ्यात एका खोलीत २००० वॅटचा हीटर आणि दुसरीत पाणी तापवायची १५०० वॅटची कॉइल, दोन्ही एकाच सर्किटवर. म्हणजे १५ अँपिअरच्या वर. १० चा एमसीबी होता, तो सुरुवातीला वीस-पंचवीस मिनिटांनी पडायचा. लगेच नाही, हे लक्षात ठेवा. मग कोणीतरी "मोठा टाका" म्हटलं (विक्रांत, तुम्ही नव्हतात ना?) आणि तिथे ३२ चा आला. पडायचं थांबलं. आम्ही खूश.

दोन महिन्यांनी एका वेगळ्याच बोर्डावरचं प्लास्टिक मऊ झाल्याचा वास यायला लागला. उघडलं तर वायर दीड स्क्वेअर एमएमची आणि तिचं इन्सुलेशन एका ठिकाणी नाही, पाइपमध्ये दिसेल तिथवर सगळीकडे चिकट आणि मऊ झालेलं. स्क्रू सगळे घट्ट होते. सगळी वायर बदलावी लागली, कारण बिघाड एका जागी नव्हताच.

ओहम_भाऊ
शेवंतीताईंनी मोलाची गोष्ट सांगितली. ओव्हरलोडमध्ये करंट जास्त असतो आणि तोच करंट संपूर्ण वायरभर सारखा वाहतो, त्यामुळे उष्णता पसरलेली असते: वायर, एमसीबी, वाटेतले सगळे जोड. ढिल्या जोडात करंट नेहमीचाच, पण एका बिंदूपाशी रेझिस्टन्स जास्त. म्हणून सगळी उष्णता त्या बिंदूवर, आणि तिथून चार बोटं दूर वायर गार.

एमसीबीला हे दुसरं दिसतच नाही, का ते आकड्यात बघू. समजा इस्त्री १००० वॅटची, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर. ढिल्या जोडात पाव ओहम रेझिस्टन्स धरा. उष्णता = करंटचा वर्ग × रेझिस्टन्स, म्हणजे ४.३ × ४.३ × ०.२५, साडेचार वॅटच्या आसपास. करंगळीच्या नखाएवढ्या पितळेत, बंद डब्यात साडेचार वॅट म्हणजे खूप झाले. आणि व्होल्टेज किती पडलं? एक व्होल्ट. इस्त्रीला कळणार नाही, करंट किंचित कमीच होणार. एमसीबी जास्त करंट शोधत बसलाय, इथे तर तो घटलाय.

त्याच जोडातून फक्त पंख्याचा करंट गेला तर उष्णता दीडशेपट कमी. हाताला कळणारही नाही. पक्कडकाकांचा प्रयोग यासाठीच असावा.

टिवल्याबावल्या
ओहमभाऊ, एवढ्या कळकळीने आम्हाला शाळेत कोणी शिकवलं असतं तर मी आज इथे टिवल्याबावल्या करत बसलो नसतो.

लूपलाइन
बरोबर. आणि शेवंतीताईंचा एमसीबी "लगेच नाही, वीस मिनिटांनी" पडायचा तेही नियमाला धरून. एमसीबी त्याच्या आकड्याला लगेच पडत नाही. घरगुती एमसीबी १.१३ पट करंट तासभर निमूट सोसतो, आणि १.४५ पट झाला तर तासाभरात पडायलाच हवा. म्हणजे १६ चा एमसीबी १८ अँपिअर तासभर बिनतक्रार देतो. थोडासा ओव्हरलोड असेल तर "एमसीबी पडला नाही म्हणजे लोड ठीक" असंही म्हणता येत नाही.

उंबरठा
दोन दिवसांनी येतोय, दोन्ही प्रयोग केले.

पहिला दिवस: पंखा आणि ट्यूब सव्वा तास. स्विच पूर्ण गार.

दुसरा दिवस: पंखा बंद, इस्त्री चालू (तळाशी १००० वॅट लिहिलंय). बारा मिनिटांनी पंख्याच्या बंद स्विचला हात लावला आणि अंगावर काटा आला. गरम! सॉकेटचा स्विच मात्र गार, प्लग अगदी किंचित कोमट. एमसीबी १० चा आहे, शेजारच्यांसारखाच गार.

आणि हो, पंख्याचा स्विच दाबताना ट्यूब एकदा लुकलुकते. रोज बघत होतो, पण व्होल्टेजचं काहीतरी असेल म्हणून दुर्लक्ष केलं.

बंद स्विच गरम कसा? बाबाही गप्प बसलेत.

पक्कड
छान निरीक्षण केलंत. आता उत्तर.

बोर्डात डीबीकडून येणारी फेजची वायर साधारणपणे एकच असते. ती पहिल्या स्विचच्या वरच्या टर्मिनलला येते. तिथून एक छोटा तुकडा दुसऱ्या स्विचला, तिथून तिसऱ्याला, असं करत शेवटच्या सॉकेटपर्यंत. याला आम्ही लूप मारणं म्हणतो. तुमच्याकडे फेज पंख्याच्या स्विचला येत असणार. त्या स्क्रूखाली दोन वायरी आहेत: एक डीबीकडून आलेली आणि एक पुढे जाणारी. इस्त्रीचा सगळा करंट त्या एका स्क्रूखालून पुढे जातो. पंख्याचा स्विच चालू आहे की बंद याच्याशी त्याचा काही संबंध नाही, कारण करंट स्विचच्या आत शिरतच नाही, दारातूनच पुढे जातो.

म्हणून बंद स्विच गरम. आणि स्विच दाबताना ट्यूब लुकलुकते तेही त्यामुळेच. दाबल्याने स्विच किंचित हलतो, ढिल्या वायरी हलतात, क्षणभर सुटतात. त्या जोडाच्या पुढचं सगळं एकदम लुकलुकतं. तुम्ही पाहिलेली ठिणगीही बहुतेक आतल्या कॉन्टॅक्टची नसून त्या स्क्रूपाशी पडलेली होती, म्हणून चर्र आवाज.

लोडचं म्हणाल तर इस्त्री ४.३, पंखा, ट्यूब, लॅपटॉप, मोबाइल मिळून एखादा अँपिअर. साडेपाचच्या आत. दहाच्या एमसीबीवर निम्मं. बाबांना सांगा, लोड निर्दोष सुटला.

विक्रांत७७
हे मला माहीत नव्हतं, मान्य. पण मग सोपं आहे की. टेस्टर लावा, प्रत्येक स्क्रूवर पेटला म्हणजे घट्ट, जिथे पेटत नाही तिथे ढिला.

पक्कड
@विक्रांत७७ हा गैरसमज धंद्यातल्या पोरांनाही असतो. टेस्टरला पेटायला अगदी नगण्य करंट लागतो. एका केसाएवढ्या तारेचा स्पर्श असला तरी तो झकास पेटतो. जो जोड इस्त्री लावल्यावर भाजून निघतो तिथे टेस्टर दोन्ही बाजूंना सारखाच पेटेल. आणि न्यूट्रल ढिला असेल तर टेस्टर त्याबद्दल काहीच सांगत नाही. टेस्टरने फेज आहे का ते कळतं, जोड चांगला आहे का ते नाही.

खरी चाचणी करायची तर लोड चालू असताना त्या जोडाच्या दोन बाजूंमधलं व्होल्टेज मल्टीमीटरने मोजायचं. चांगल्या जोडात ४-५ अँपिअरला काही मिलिव्होल्ट येतात, वीस-तीस आले तरी चालतील. तुमच्याकडे कदाचित एक व्होल्टच्या घरात येईल. पण हे चालू लाइनवर उघड्या बोर्डात करायचं काम आहे, ते ज्याचं त्यानेच करावं.

शेवंती
एक सावधगिरी. घरी इन्व्हर्टर असेल तर फक्त एमसीबी पाडून बोर्ड उघडू नका. आमच्याकडे पंखा आणि ट्यूबला इन्व्हर्टरची वेगळी लाइन, सॉकेटला मेनची. एमसीबी खाली केला, घर अंधारलं नाही तेव्हाच कळायला हवं होतं. यजमानांना बोर्डात शॉक बसला. एकाच पट्टीमागे दोन लाइनी होत्या.

उंबरठा
@शेवंती आमच्याकडे इन्व्हर्टर नाही, पण वायरमनला सांगून ठेवतो. उद्या येतोय.

गोधडी
पंखा आणि सॉकेट एकाच लूपवर असणं हाच मुळात दोष नाही का? माझ्या रेग्युलेटरचाही हाच प्रॉब्लेम असेल काय?

लूपलाइन
@गोधडी लूप मारणं चूक नाही, सगळीकडे तसंच असतं. फक्त एकच दंडक: जिथे जड लोड आहे तिथे फेज आधी यावी. आम्ही बोर्ड भरताना फेज थेट सॉकेटच्या स्विचला देतो आणि तिथून हलक्या लोडकडे लूप नेतो. मग पंख्याच्या स्क्रूखालून इस्त्री जात नाही. काम तेवढंच, वायर तेवढीच. पण घाईत डावीकडून उजवीकडे लूप मारत जायची सवय असते.

पक्कड
अनुमोदन. उंबरठा, उद्या हे लूपलाइनचं वाक्य वायरमनला वाचून दाखवा.

टिवल्याबावल्या
आणि मग वायरमनचा चेहरा कसा झाला त्याचा फोटो इथे टाका.

उंबरठा
फोटो नाही, पण वृत्तांत आहे. जरा लांबलाय.

वायरमन आला, एमसीबी पाडला, तीन ठिकाणी टेस्टर लावून बघितला, पट्टी काढली. पंख्याच्या स्विचच्या वरच्या स्क्रूखाली दोन वायरी, अगदी पक्कडकाका म्हणाले तसं. डीबीकडून आलेली जाडसर आणि लूपची त्याहून बारीक. स्क्रू जाड वायरीवर बसला होता, बारीक तिच्या शेजारी नुसती उभी. हाताने हळूच ओढली तर निघून आली! शिवाय जाड वायरीचं थोडं इन्सुलेशनही स्क्रूखाली चेपलेलं होतं, म्हणजे स्क्रू तांब्यावर पूर्ण बसलाच नव्हता. बारीक वायरीच्या निम्म्या तारा सोलतानाच तुटलेल्या. जे तांबं उरलं होतं ते काळं, आणि टर्मिनलचं पितळ जांभळट. इन्सुलेशन टोकापासून इंचभर कडक आणि तपकिरी झालेलं, त्यापुढे मात्र नव्यासारखं मऊ. ओहमभाऊंचं "चार बोटं दूर गार" डोळ्यांनी पाहिलं.

तो म्हणाला, "काही नाही, स्क्रू आवळतो." मी म्हटलं थांबा. त्याने समजावलं की तीच वायर पुन्हा घट्ट करतो, चालेल. मी इथलं सगळं आठवून म्हटलं की काळी झालेली तार कापा आणि स्विच पण नवा घाला. तर अडचण अशी की डीबीकडून आलेली वायर डब्यात इतकी तोकडी आहे की इंचभर कापली तर टर्मिनलपर्यंत पोचतच नाही. आता काय? तात्पुरता तो भाग उघडा ठेवून, वायरींना टोप्या घालून, एमसीबी खाली करून ठेवलाय. संध्याकाळी परत येतोय. लवकर सांगा.

पक्कड
तुम्ही थांबवलंत ते बरं केलंत. काळ्या तांब्यावर स्क्रू आवळला तर वरचा थर तसाच राहतो आणि महिनाभरात पुन्हा हेच. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे तोच स्विच तीनदा बदलला गेला, कारण दरवेळी नवा स्विच पण वायरीचं तेच जळकं टोक. आणि स्विचही बदलाच. एकदा इतकं तापलेलं टर्मिनल पुन्हा पूर्वीसारखं पकडत नाही.

तोकड्या वायरीला माझं उत्तर: डीबीपासून नवी वायर ओढा. पाइप असेल तर जुन्या वायरीला बांधून नवी खेचता येते.

लूपलाइन
इथे मी काकांशी सहमत नाही. एका इंचासाठी पूर्ण वायर ओढायला पाइप मोकळा हवा, वाटेत तीन वळणं असली तर जुनी तुटून अडकते आणि दुखणं वाढतं. डब्यात चांगला स्क्रू कनेक्टर किंवा लिव्हरचा कनेक्टर लावून चार इंचांचा तुकडा जोडा. करंट पाच अँपिअर. काही होत नाही.

पक्कड
@लूपलाइन काही होत नाही म्हणूनच तर आता हा धागा निघालाय ना. ढिला जोड काढायला गेलो आणि त्याच डब्यात अजून एक जोड वाढवला.

लूपलाइन
काका, चांगला दाबलेला कनेक्टर आणि अर्धवट स्क्रू यात फरक आहे. डबा खोल असेल तर माझ्या मते ठीक. डबा उथळ असेल आणि पट्टी लावताना वायरी दाबून कोंबाव्या लागत असतील तर मग तुमचं खरं.

ओहम_भाऊ
दोन्हीत तथ्य आहे. उंबरठा, ओढून बघायला सांगा, सहज आली तर नवी, नाही तर कनेक्टर.

एक विचारतो. बारीक तारांची वायर असेल तर टोकाला कथील लावून एकजीव करून मग स्क्रूखाली द्यावी ना? तारा पसरत नाहीत. माझ्या वडिलांनी घरात सगळीकडे तसंच केलंय.

पक्कड
@ओहम_भाऊ आकड्यांत तुम्ही पक्के, पण इथे नको. कथील मऊ असतं. स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू सरकत जातं आणि आज घट्ट असलेला स्क्रू वर्षाने ढिला. तारा पिळा, लांबी कमी पडत असेल तर दुमडून जाडी द्या, किंवा फेरूल दाबून लावा. कथील नको.

ओहम_भाऊ
आमच्याकडे वीस वर्षं काही झालं नाही बरं का. पण पुढच्या वेळी बोर्ड उघडला की बघतो.

टिवल्याबावल्या
"वीस वर्षं काही झालं नाही" हे वाक्य उंबरठा पण मागच्या आठवड्यापर्यंत म्हणत असणार.

विक्रांत७७
एक शंका, खरंच विचारतोय. ओव्हरलोड आणि ढिला स्क्रू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे समजलं. पण वारंवार जड लोड चालवल्याने स्क्रू ढिला होऊ शकतो ना? म्हणजे मी अगदीच चूक नव्हतो?

पक्कड
अगदीच चूक नव्हतात. तापणं आणि गार होणं, तापणं आणि गार होणं, यात तांबं फुगतं-आक्रसतं आणि मुळात अर्धवट आवळलेला स्क्रू अजून सुटत जातो. सुटला की आणखी तापतो. रोजच्या इस्त्रीने हे घडवून आणलं असेल. पण सुरुवात हाताने झाली, इन्सुलेशनवर बसलेल्या स्क्रूपासून. तुमचा मोठा एमसीबी मात्र मला काही केल्या पटणार नाही. शेवंतीताईंच्या घरातली दीड एमएमची वायर आणि ३२ चा एमसीबी आठवा.

शेवंती
ती वायर मी जपून ठेवलीये. घरी येणाऱ्या वायरमनला दाखवते.

उंबरठा
झालं काम. जुन्या वायरीला बांधून नवी ओढली, पहिल्या वळणाला अडकली आणि मग सुटली. पक्कडकाका जिंकले, पण थोडक्यात. फेज आता थेट सॉकेटच्या स्विचला येते, तिथून ट्यूब, नाइट लॅम्प, शेवटी पंखा. दोन्ही वायरी एकाच जाडीच्या घेतल्या. प्रत्येक स्क्रू आवळल्यावर वायर ओढून बघितली. वायरमन आधी नाराज होता, शेवटी म्हणाला, "तुमच्या स्वयंपाकघराचा बोर्ड पण मीच भरलाय." आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प.

उंबरठा
आठवड्याने अपडेट. इस्त्री वीस मिनिटं चालवली, सगळे स्विच गार. ट्यूब लुकलुकत नाही. स्वयंपाकघराचा बोर्डही उघडून घेतला, तिथे मिक्सरच्या सॉकेटचा न्यूट्रल ढिला निघाला, अजून काळा पडला नव्हता.

एक उरलंच आहे. पंखा बंद करताना अंधारात अजूनही पुसटशी ठिणगी दिसते. लावताना नाही. आवाज नाही, वास नाही, स्विच गार. सोडून देऊ?

लूपलाइन
मी सुरुवातीला म्हणालो होतो तीच ही. आतल्या कॉन्टॅक्टची, वाइंडिंगमुळे. सोडून द्या.

पक्कड
या ठिणगीपुरतं लूपलाइन बरोबर. मोठी व्हायला लागली, किंवा लावतानाही दिसली, तर बघा.

गोधडी
माझ्या रेग्युलेटरच्या घूंऽऽ कडे कोणी लक्षच देत नाही. बोर्ड उघडून सगळे स्क्रू आवळून घेतले, तरी आवाज आहेच. फक्त ५ वर ठेवला की बंद होतो.

पक्कड
@गोधडी गोल फिरणारा, पायऱ्या नसलेला जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहे का? तो मधल्या वेगाला करंटची लाट कापून कापून देतो, त्याने पंख्याची वाइंडिंग गुणगुणते. ५ वर पूर्ण लाट जाते म्हणून शांत. कपॅसिटरचा, पायऱ्यांचा रेग्युलेटर लावून बघा.

गोधडी
गोल फिरणाराच आहे!! आणि आवाज पंख्यातूनच येतो, आत्ता स्टूलावर चढून कान लावला.

टिवल्याबावल्या
पंखा बंद करून चढलात ना?